धून एकीकडची, आवाज दुसरीकडचा: जुन्या श्रुतिकेचा माग कसा काढायचा

माझ्या मामांनी १९५८च्या सप्टेंबरात लीड्स गाठलं आणि १९६०च्या सुरुवातीला परत आले. कापडगिरणीचं तंत्र शिकायला गेले होते. घरमालकिणीच्या बैठकीतल्या रेडिओवर तिथे त्यांनी एक रहस्यमालिका ऐकली होती, आणि गेली साठ वर्षं ते तिचं नाव आठवायचा प्रयत्न करत होते. हाताशी एवढंच होतं: आगगाडीसारखी धून, एका सभ्य गृहस्थाचा आवाज, स्टीव्ह नावाचा त्याचा मित्र, टिमथी नावाचं कुणीतरी, एक बाई आणि पोर हरवल्याची गोष्ट.

नाव सापडलं. वाटेत माझ्या बऱ्याच चुका झाल्या, आणि त्यातली मुख्य चूक बहुतेक लोक करतात. आठवणीत धून आणि आवाज एकत्र येतात, म्हणून आपण दोन्ही एकदम शोधायला जातो. रेडिओमालिका वर्षानुवर्षं चालत. मधे नट बदलत, धून बदले, तीच गोष्ट नव्या संचात पुन्हा सादर होई. म्हणून धून वेगळी सोडवायची, आवाज वेगळा सोडवायचा, दोन्हींना तारखा लावायच्या आणि तारखा कुठे एकमेकींवर येतात ते बघायचं. हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

आधी आठवण उतरवून घ्या, शोध नंतर

सांगणाऱ्याला एकही नाव सुचवू नका, एकही ध्वनिफीत ऐकवू नका. एकदा तुम्ही "ही का ती धून?" म्हणून काहीतरी लावलंत की मूळ आठवण त्या आवाजाखाली दबते आणि पुन्हा वर येत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. धून गुणगुणायला लावा. मग दोन-तीन दिवसांनी, आधीचं न ऐकवता, पुन्हा गुणगुणायला लावा. दोन्ही वेळा जे सारखं आलं तेवढंच कामाचं.

नावं जशी उच्चारली तशीच लिहून ठेवा, शहाणपणा करून दुरुस्त करू नका. गोष्टीतली नातीही उतरवा, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. कानाने ऐकलेल्या नाटकात कुणाचं नाव कुठल्या आवाजाला चिकटेल याचा नेम नसतो. मामांचा "स्टीव्ह नावाचा मित्र" आणि "एक बाई" ही दोन माणसं आहेत असं मी धरून चालले, आणि आठवडाभर भलत्याच दोन मित्र-गुप्तहेरांच्या मागे फिरले.

आजूबाजूचं विचारा: रेडिओ कुठल्या खोलीत होता, जेवणाआधी की नंतर, शेजारी कोण बसे, तेव्हा थंडी होती का. गोष्टीपेक्षा या तपशिलांतून तारीख लवकर हाती लागते. मामा म्हणाले, "अगं, कोळशाच्या शेगडीपुढे बसायचो. मालकीणबाई दर वेळी कुरकुरायच्या, की जुनी धून चांगली होती, ही नवी काय ती गाडीची!" हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून लिहून घेतलं. पुढे तेच सगळ्यात मोलाचं ठरलं.

धून: ती नक्की कशाची आहे?

रेडिओवर संगीत चार जागी येतं: केंद्र सुरू होताना, कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि शेवटी, प्रवेश बदलताना, आणि जाहिरातीत. आठवणीत चारही एका गाठोड्यात जातात. आपल्याकडे हे फार होतं. आकाशवाणीची ती व्हायोलिन आणि तंबोऱ्यावरची, शिवरंजनीच्या अंगाची धून अनेकांना लहानपणच्या एखाद्या नाटकाची म्हणून आठवते. ती केंद्राची ओळखधून, मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या वॉल्टर कौफमान यांची. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: ही धून वाजत असताना मागे कुणी बोलत होतं का? मालिकेच्या धुनेवर बहुधा निवेदक मालिकेचं नाव घेतो, आणि त्यासाठी धून मधेच हळू केली जाते. मामांना हा "धून खाली जाते आणि माणूस बोलतो" क्षण नीट आठवत होता. म्हणजे मालिकेचीच.

आता धून शोधायची कशी? ठेका आधी, सूर नंतर. गुणगुणण्यात सूर घसरतात, ठेका सहसा टिकतो. मांडीवर किंवा टेबलावर वाजवून दाखवायला सांगा. मग सुरांची फक्त दिशा लिहा: पुढचा सूर वर गेला, खाली आला की तोच राहिला. याला पार्सन्स संकेत म्हणतात. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली धुनांचा असा एक कोश काढला होता. वर म्हणजे `U`, खाली म्हणजे `D`, तोच म्हणजे `R`, आणि पहिल्या सुराला तारा. आपल्याला सरगम येत असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. सा सा प प ध ध प म म ग ग रे रे सा ही बालगीताची ओळखीची चाल अशी उतरते:

```
*RURURDDRDRDRD
```

musipedia.org वर असा संकेत घालून शोधता येतं. निदान बारा-पंधरा सूर द्या, नाहीतर शेकड्याने धुना समोर येतात. फोनवर गाणं ऐकवून नाव सांगणारी ॲप्स दोन प्रकारची असतात. काही फक्त तेच ध्वनिमुद्रण ओळखतात, त्यांच्यापुढे गुणगुणून काहीच होत नाही. काही गुणगुणलेलंही घेतात, पण वाद्यवृंदाच्या, शब्द नसलेल्या जुन्या धुनांत वारंवार चुकतात. वापरून बघा, त्यांच्यावर विसंबू नका.

मामांच्या गुणगुणण्यातून मला दोन उमेदवार मिळाले आणि दोन्ही ब्रिटिश रेडिओचे होते. एक चार्ल्स विल्यम्स यांची 'डेव्हिल्स गॅलप'. ती 'डिक बार्टन' या साहसमालिकेची धून. दुसरी व्हिव्हियन एलिस यांनी १९३८ साली रचलेली 'कॉरोनेशन स्कॉट', त्याच नावाच्या आगगाडीवरून. ही 'पॉल टेंपल' या रहस्यमालिकेची. मामांनी पहिल्या दिवशी जे गुणगुणलं ते धावपळीचं होतं, सरळ 'डेव्हिल्स गॅलप'कडे जाणारं. दुसऱ्या खेपेला सुरुवात संथ आली.

या दोन धुनांचा गोंधळ होण्यामागे कारण आहे. त्या काळी मालिकेसाठी धून नव्याने बांधून घेतली जाईच असं नाही. संगीत-प्रकाशकांकडे तयार ध्वनिमुद्रणांचा साठा असे, त्यातून निर्माता धून उचलत असे. चॅपेल या प्रकाशकाच्या साठ्यात क्वीन्स हॉल लाइट ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या दोन्ही धुना होत्या. म्हणजे वाद्यवृंद तोच, बाजही तोच. अशा वेळी "कसं वाटलं" यावर निर्णय करू नये, बांधणी ऐकावी. 'कॉरोनेशन स्कॉट' सुरू होते ती गाडी हलल्यासारखी: जड, सुटे ठोके, हळूहळू वेग, आणि मग त्या ठेक्यावर व्हायोलिनची वाहती चाल. 'डेव्हिल्स गॅलप'ला अशी सुरुवात नाही; ती पहिल्या मात्रेपासून धापा टाकत पळते. मामांना मी नाव न घेता एवढंच विचारलं, "सुरुवातीलाच पळते, की आधी रेंगाळते?" ते म्हणाले, "स्टेशनातनं सुटते." निकाल लागला. शिवाय 'डिक बार्टन' १९५१ सालीच बंद पडली होती, मामा तिथे पोचले त्याच्या सात वर्षं आधी. ती धावती धून त्यांच्या कानात बहुधा नंतर शिरली असावी. पाठलागाच्या विडंबनात ती पुढे कितीतरी वेळा वापरली गेली.

धुनेला तारीख लावा

धुनेचं नाव कळलं की काम संपलं असं वाटतं. इथे घाई नडते. 'पॉल टेंपल' १९३८ साली सुरू झाली. फ्रान्सिस डरब्रिज यांनी लिहिलेली ही मालिका १९६८पर्यंत अधूनमधून नव्या रहस्यासह येत राहिली. सुरुवातीची धून वेगळी होती, रिमस्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराच्या 'शेहेराझाद'मधली. 'कॉरोनेशन स्कॉट' आली १९४७च्या डिसेंबरात. मालकीणबाईंची कुरकुर इथे जुळली: त्यांना आधीची धून माहीत होती, म्हणजे त्या खूप पूर्वीपासून ऐकत होत्या आणि मामा नव्या धुनेच्या काळात बसले होते. धून मामांची आठवण १९४७नंतर ढकलते, आणखी काही सांगत नाही.

आवाज: नटाच्या नावापासून सुरुवात करू नका

आवाजाबद्दल विचारताना "कोण होता?" हा प्रश्न शेवटी. आधी जाड की बारीक, बोलणं भरभर की सावकाश, श्वास ऐकू येई का, हसताना कसा वाटे, आणि त्याच्या तोंडी सारखं काय असे. शेवटच्या प्रश्नावर मामा म्हणाले, "टिमथीला हाक मारायचा. काही झालं की टिमथी!"

मालिकेत टिमथी नावाचं पात्र नाही. पॉल टेंपल चकित झाला की "बाय टिमथी!" म्हणतो, आपण "अरे देवा" म्हणतो तसं. पात्रांच्या यादीत टिमथी शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. तसंच स्टीव्हचं. स्टीव्ह हा मित्र नाहीच, ती टेंपलची बायको. वार्ताहर असताना ती स्टीव्ह ट्रेंट या टोपणनावाने लिहीत असे, आणि तेच नाव तिला चिकटलं. मामांच्या मनात नाव पुरुषाचं म्हणून मित्राकडे गेलं आणि आवाज बाईचा म्हणून निनावी राहिला. एकाच पात्राचे दोन तुकडे झाले होते. म्हणून आठवणीतली माणसं मोजू नका. नावांची यादी वेगळी, आवाजांची वेगळी, आणि जोड्या सगळ्यात शेवटी.

नटांच्या बाबतीत टेंपल म्हणजे धर्मशाळा. ह्यू मॉर्टन, कार्ल बर्नार्ड, बॅरी मोर्स, हॉवर्ड मॅरियन-क्रॉफर्ड, मग १९४६पासून किम पीकॉक, आणि १९५४पासून अखेरपर्यंत पीटर कोक. स्टीव्ह मात्र १९४५पासून शेवटपर्यंत एकच, मार्जरी वेस्टबरी. तिचा आवाज ओळखला तर मालिका पक्की होते, पण वर्ष काही कळत नाही. वर्ष कळायचं तर बदलणारा आवाज धरावा लागतो.

आपल्याकडच्या आवाजांत आणखी एक अडचण येते, एकाच व्यक्तीची दोन नावं. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. त्याच करुणा देव, संगीतकार यशवंत देव यांच्या पत्नी. एका नावाने शोधलंत तर अर्धीच माहिती हाती येते. जुन्या स्त्री-कलावंतांचा शोध घेताना लग्नाआधीचं, नंतरचं आणि रेडिओवरचं, अशी सगळी नावं लिहून घ्यावीत.

आवाजाची ओळखपरेड

आता ऐकवायची वेळ. पण सुटी एक फीत ऐकवून "हाच ना?" असं विचारायचं नाही, त्यावर माणूस बहुधा हो म्हणतो. चार तुकडे करा, प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंदांचे, साधं संभाषण असलेले. एक तुमचा उमेदवार, एक त्याच भूमिकेतला दुसरा नट, आणि दोन त्याच काळातले अगदी वेगळे. धून काढून टाका. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ओळखीची धून ऐकली की मागचा कुठलाही आवाज ओळखीचा वाटतो. तुकड्यांत पात्रांची नावंही येऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा ऐकवा.

मी पहिल्या फेरीत हे काहीच केलं नाही. नेटवर 'पॉल टेंपल'ची एक स्वच्छ फीत मिळाली, धून तीच, ती मी मामांना पूर्ण लावून दिली. धून लागताच त्यांचा चेहरा उजळला. टेंपल बोलायला लागला आणि ते म्हणाले, "गाडी बरोबर आहे, माणूस हा नाही." ते बरोबर होते. बीबीसीने २००६ ते २०१३ या काळात काही हरवलेल्या 'टेंपल' मालिका जुन्या संहितांवरून नव्याने केल्या, जुन्याच ढंगात आणि 'कॉरोनेशन स्कॉट'सकट. त्यातला टेंपल क्रॉफर्ड लोगन. धून पूर्ण जुळते आणि आवाज पन्नास वर्षं पुढचा निघतो, ते असं. फीत फार स्वच्छ वाटली तर आधी संशय घ्या.

दुसरी फसगत वेगाची. घरी टेपवर उतरवलेल्या फिती मूळ वेगाने वाजतातच असं नाही. वेग साधारण सहा टक्के वाढला तर आवाज अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून लगतच्या पट्टीने, चढतो. तेवढ्याने जाडसर आवाजाचा माणूस तरुण वाटू लागतो. तपासायला धूनच उपयोगी पडते: त्याच धुनेचं चांगलं ध्वनिमुद्रण लावा, पेटीवर दोन्हींचा पहिला ठळक सूर जुळवा. फितीतला सूर चढा असेल तर Audacity मधल्या Change Speed and Pitch ने वेग तेवढा खाली आणा आणि मगच परेड घ्या. धून आणि आवाज एकाच फितीवर असतील तरच ही युक्ती चालते.

दुसऱ्या, नीट घेतलेल्या परेडीत मामांनी दोन्ही दिवस पीटर कोक निवडला. किम पीकॉकच्या काळातलं ध्वनिमुद्रण फारसं उरलेलं नाही, म्हणून त्याला परेडीत उभं करता आलं नाही. ती उणीव तारखांनी भरून काढावी लागली.

छापील कार्यक्रमपत्रिका

ब्रिटिश रेडिओसाठी genome.ch.bbc.co.uk हे घर आहे. 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकातल्या १९२३ ते २००९ या काळातल्या कार्यक्रमांच्या नोंदी तिथे शोधता येतात, अनेकदा पात्रं आणि नटांसह. छापील पानं यंत्राने वाचून घेतल्यामुळे अक्षरं चुकतात. एका नावाने काही आलं नाही तर दुसऱ्या नटाच्या किंवा निर्मात्याच्या नावाने शोधा. हेही ध्यानात ठेवा, की हे आधी छापलेलं वेळापत्रक आहे. ऐन वेळी बदल झाला असेल तर तो त्यात नाही.

आपल्याकडे आकाशवाणीचं 'द इंडियन लिसनर' हे नियतकालिक होतं, १९५८पासून त्याचं नाव 'आकाशवाणी' झालं. बरेच अंक archive.org वर स्कॅन स्वरूपात आहेत. मुंबई केंद्राच्या पानांवर मराठी नाटकांची नावं रोमन लिपीत सापडतात, आणि त्यांचं स्पेलिंग लावणाऱ्याच्या मर्जीवर आहे. एकच शब्द तीन-चार प्रकारे लिहून शोधावा, किंवा सरळ तारीख धरून पानं चाळावीत. मला दुसरा मार्ग कमी त्रासाचा वाटतो.

तारखा एकमेकींवर ठेवा

मामांच्या बाबतीत: धून १९४७नंतरची. आवाज १९५४नंतरचा. मुक्काम सप्टेंबर १९५८ ते १९६०ची सुरुवात. कागदावर तीन आडव्या रेघा काढल्या आणि जिथे तिन्ही एकावर एक आल्या तेवढाच काळ घेतला. पीकॉकचा प्रश्न इथे आपोआप मिटला, त्या काळात तो टेंपल नव्हताच.

पण एवढ्या काळात एक नाही, तीन 'टेंपल' मालिका निघाल्या, तिन्ही १९५९मधल्या: 'द व्हॅनडाइक अफेअर', 'द कॉनरॅड केस' आणि 'द गिल्बर्ट केस'. तिन्हींत धून तीच, नट तेच. इथे धून आणि आवाज दोघांचीही मदत संपते आणि गोष्टच विचारावी लागते. त्यातही 'व्हॅनडाइक' किम पीकॉकबरोबर १९५० साली एकदा होऊन गेली होती आणि 'गिल्बर्ट' कोकनेच १९५४ साली केली होती. म्हणजे नुसतं शीर्षक सापडलं तरी कुठली खेप, हा प्रश्न उरतोच. आपल्याला मुक्कामाच्या तारखांनी तो आधीच सोडवून दिला होता.

राहिली "पोर हरवल्याची गोष्ट". आमच्या बोलीत पोर म्हणजे पाळण्यातलं मूलही आणि शाळकरी मुलगीही. 'कॉनरॅड'मध्ये बव्हेरियातल्या एका शाळेतून तरुण मुलगी नाहीशी होते. 'व्हॅनडाइक'मध्ये तान्हं बाळ आणि त्याला सांभाळायला ठेवलेली मुलगी, दोघंही गायब होतात. मी फोन केला.

"मामा, ते पोर केवढं होतं?"

"केवढं म्हणजे? बाळ गं. आणि सांभाळणारीसुद्धा नाही. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, अशा परक्या पोरींवर घर टाकून जातातच कशाला!"

सांभाळणारीबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते. ओळख पक्की मानायला मला अशीच खूण लागते: शोधातून तुम्हाला कळलेली, पण सांगणाऱ्याला तुम्ही न सांगितलेली एखादी गोष्ट त्याच्याकडून आपणहून यावी. ती आली नाही तर वहीत "बहुतेक" असं लिहावं.

'व्हॅनडाइक'चं १९५९चं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. आठ भाग आहेत. मामांनी पहिला ऐकला, धून संपेपर्यंत डोळे मिटून बसले, आणि बाईचा आवाज आल्यावर म्हणाले, "हा स्टीव्ह होय?"